तीस जूनपर्यंत

गॅरंटी आली ती आमरसाच्या डब्यांबरोबर. मुकुल राजवाडेच्या कारखान्याचा ड्रायव्हर सहा डब्यांचा खोका कचेरीतल्या टेबलावर ठेवून गेला. खोक्यावर तपकिरी पाकीट होतं. "साहेबांनी ताईंच्याच हातात द्यायला सांगितलंय," एवढं म्हणून तो गाडीकडे वळला.

तो शनिवार होता. सोमवारपासून पावस गावच्या शेडमध्ये कॅनिंगच्या आंब्याचे ट्रक भरायचे होते. पेटीत न बसणारा सगळा आंबा, म्हणजे बारका, डाग पडलेला, देठाशी चिरलेला, झाडावरच पिकून खाली आलेला, दर मेमध्ये बागायतदार संस्थेकडे आणून घालत आणि संस्था तो रसाच्या कारखान्याला देई. आजवरचे कारखानदार ट्रक भरला की पैसे देत, पण भाव पाडून देत. यंदा मुकुलने किलोमागे दोन रुपये जास्त कबूल केले होते. फक्त पैसे मागाहून, रस विकला गेल्यावर, गणपतीच्या आधी. करारात तारीखही घातली होती, पंचवीस ऑगस्ट. तोपर्यंतच्या उधारीपोटी बँक गॅरंटी, म्हणजे त्याने थकवले तर बँक भरणार.

भार्गवी मुळ्ये संस्थेची सचिव. पंधरा वर्षांपूर्वी ती आली ती आंब्यातली साखर मोजायला. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी गावातच आहे म्हटल्यावर तात्यांनी तिला बोलावून घेतलं, आणि हळूहळू पत्रं, हिशेब, ऑडिट सगळं तिच्याकडे आलं. कागद वाचायची तिची एक पद्धत होती. कॉलेजात क्षार ओळखायला देत तेव्हा सर सांगत, एका परीक्षानळीला एकच प्रश्न विचारायचा. तशी ती कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची, पण एका वाचनात एकच गोष्ट शोधायची.

पहिल्या वाचनात रक्कम. चोवीस लाख, आकड्यांत आणि अक्षरांत सारखीच. दोनशे टन, किलोला बारा रुपये. बरोबर.

दुसऱ्या वाचनात, पैसे कोणाला. तिथे ती थांबली. गॅरंटी 'श्री. गोपाळकृष्ण आगाशे, अध्यक्ष' यांच्या नावे होती. आंबा विकणार होती संस्था. करारावर नाव संस्थेचं. उद्या बँक म्हणाली असती, आगाशे नावाच्या गृहस्थांनी आमच्या गिऱ्हाइकाला काहीच विकलेलं नाही.

तिसऱ्या वाचनात मुदत. तीस जून.

चौथं वाचन तिने शेवटच्या परिच्छेदापासूनच केलं. वर काहीही लिहिलेलं असलं तरी, असं म्हणून बँका आपलं खरं म्हणणं तिथे लिहितात. आमची जबाबदारी चोवीस लाखांहून जास्त नाही. ही गॅरंटी तीस जूनपर्यंत वैध आहे. आणि खरेदीदाराने देय रक्कम थकवली आहे असं नमूद केलेली लेखी मागणी एकतीस जुलैला किंवा त्याआधी आमच्या शाखेत पोचली, तरच आम्ही देणं लागतो.

भार्गवीने करार काढला, पंचवीस ऑगस्टच्या ओळीवर बोट ठेवलं. बाहेर धाकू, संस्थेचा राखणदार, क्रेट धूत होता. प्लास्टिकवर पाणी पडल्याचा आवाज येत होता.

तात्या दुपारी आले. गोपाळकृष्ण आगाशे हे त्यांचं नाव फक्त सातबाऱ्यावर आणि आता या गॅरंटीवर. बाकी सगळ्यांचे ते तात्या. वय बाहत्तर, घरची पाचशे कलमं, बावीस वर्षं अध्यक्ष. टोपी काढून त्यांनी पंखा लावला.

"आलं का मुकुलचं पत्र?"

"आलंय. पण हे घेता येणार नाही, तात्या."

"का गो? पैसे कमी लिवलेत?"

"पैसे बरोबर आहेत. नाव चुकलंय, ते बदलून मिळेल. मुदतीचं अवघड आहे. आपले पैसे देय होणार पंचवीस ऑगस्टला. त्या दिवशी त्याने दिले नाहीत तर ते थकणार. आणि गॅरंटी मरते तीस जूनला."

"मागणी करायला जुलैअखेर आहे, असं आत्ताच म्हणालीस ना?"

"मागणी करायला आहे. पण मागणी कशाची? तीस जूनपर्यंत जे थकलं त्याची. तोवर काहीच थकलेलं नसणार. पैसे थकायच्या आधीच हा कागद संपतो. नुसता भिंतीवर लावण्यापुरता आहे."

तात्यांनी कागद हातात घेऊन लांब धरला. चष्मा घरी राहिला होता. "बँकेने अशी तारीख घातलीन तरी कशी?"

"आपण सांगितली म्हणून." तिने ठरावाचं पुस्तक उघडून दाखवलं. मार्चमधला ठराव. तात्यांनी सभेत सांगितला आणि तिने जसाच्या तसा उतरवला होता: खरेदीदाराने हंगाम संपेपर्यंत वैध अशी बँक गॅरंटी द्यावी. "मुकुलने ठरावाची नक्कल बँकेला दिली असणार. त्यांनी विचारलं असेल, हंगाम संपतो कधी. तो म्हणाला असेल, जून."

इथे सगळं हंगामाने बोलायची सवय. गड्यांचा पगार हंगामाचा, राखण हंगामाची, भांडण झालं तरी म्हणत, हंगाम होऊन जाऊ दे. आंबा उतरला की हंगाम संपला. पैसे त्यानंतर येत, गणपतीपर्यंत, आणि ते हंगामात धरायचे असतात हे कुणाला सुचलंच नव्हतं. लिहिताना भार्गवीलाही नाही.

"फोन लाव त्याला," तात्या म्हणाले.

मुकुल दुसऱ्या दिवशी, रविवारी, स्वतःच आला. पालीच्या पुढे, कोल्हापूरच्या रस्त्याला त्याचा कारखाना होता. वडील राजवाडे मास्तर; पंचक्रोशीतल्या निम्म्या बागायतदारांना त्यांनी अपूर्णांक शिकवले होते. मुकुलने आल्या आल्या वाकून तात्यांना नमस्कार केला.

"ताई, तुम्ही वकील व्हायला हवं होतं," तो हसून म्हणाला. "माझ्या बँकेच्या मॅनेजरने दोन मिनिटांत सही केली, आणि तुम्ही चार वेळा वाचलीत म्हणे."

"मॅनेजरला आंबा द्यायचा नाहीये," भार्गवी म्हणाली. "नाव संस्थेचं हवं. मुदत तीस सप्टेंबर, आणि मागणीला त्यापुढे एक महिना. दुरुस्तीचं पत्र बँकेचंच पाहिजे, तुमचं चालणार नाही."

"नावाचं चार दिवसांत करून देतो. मुदत वाढवायची तर बँक आणखी मार्जिन मागते, हो. लाखभर तरी तिथे अडकवावे लागतील. आत्ता डबे आणायचेत, फर्नेस तेल आणायचंय. पहिला माल बाहेर पडू दे, पंधरा दिवसांत वाढवतो. मास्तरांच्या मुलावर एवढा तरी भरवसा?"

तो भार्गवीशी बोलत होता, पण बघत तात्यांकडे होता.

"बरं," तात्या म्हणाले. "ट्रक उद्यापासून भरू देत. पंधरा दिवसांत पत्र आलं नाही तर मग बघू."

"तर मग वजनकाटा बंद ठेवायचा," भार्गवी म्हणाली. "हे आत्ता ठरवूया. त्यांच्यासमोर."

मुकुलने हात जोडले. "ठेवा की. मीच सांगतो, ठेवा."

नावाच्या दुरुस्तीचं पत्र खरोखर पाचव्या दिवशी आलं. भार्गवीने मूळ गॅरंटी आणि दुरुस्ती दोन्ही खऱ्या आहेत का, असं बँकेच्या कोल्हापूरच्या शाखेला रजिस्टर पोस्टाने विचारलं, आणि तिथून होय असं उत्तरही आलं. कागद खरा होता. काळजी होती ती त्यात जे लिहिलं होतं त्याची. आंबा वरून पिवळाधमक, वासाला चोख असतो आणि कापला की आत साक्याचा पांढरा, आंबट गोळा निघतो. शेडमध्ये ती रोज त्यातलेच नमुने कापत होती, आणि चौथ्या वाचनातली ती तारीख तिच्या डोक्यातून जात नव्हती.

पंधरा दिवस झाले. मुदतवाढीचं पत्र आलं नाही. मुकुल फोनवर 'उद्या' म्हणाला, मग 'सोमवारी'. तोपर्यंत शंभर टनांवर माल गेला होता. एकोणीस मेला सकाळी भार्गवीने काट्याच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या पर्समध्ये ठेवली.

आदल्या संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटला होता, ढग आले होते. बागांमधून आंब्याचा खच पडला होता. नऊ वाजेपर्यंत फाटकाबाहेर टेंपो, रिक्षा, एक बैलगाडी अशी रांग लागली. भार्गवी फाटकाशी उभी राहून प्रत्येकाला तेच सांगत होती. कारखान्याचं बँकेचं पत्र यायचंय. ते आलं की काटा उघडेन. आपल्याच पैशासाठी थांबायचंय.

"किती वेळ?"

"आज संध्याकाळपर्यंत तरी."

"संध्याकाळी ह्याचा लगदा व्हतो. मग काय खांद्यावर घेऊन बँकेत नेऊ?" कोणीतरी म्हणालं आणि रांगेत हसू पसरलं. दहा वाजता अजून हसत होते. बारा वाजता कोणी हसत नव्हतं.

काशी फाटकापाशी क्रेटवर बसली होती. पावसच्या वरच्या अंगाला कातळावर तिची तीस कलमं. खड्डे सुरुंगाने फोडून, डोक्यावरून माती नेऊन नवऱ्याने लावलेली. नवरा गेल्यावर तिने ती एकटीने राखली. भाड्याच्या टेंपोत चाळीस क्रेट घेऊन ती आली होती. ऊन डोक्यावर आलं तशी खालच्या क्रेटमधून रसाची धार लागली आणि फाटकाच्या चिऱ्यांवर माशा घोंगावू लागल्या.

"भार्गवीबाय," ती बसल्या जागेवरून म्हणाली, "तुज्या पत्राला काय ऊन लागत नाय. ह्याला लागतं."

"काशीकाकी, पैसे बुडाले तर?"

"आनि आंबं कुजलं तर काय माजं पैसं उगवनार हायत? तकडं बुडतील तेवा बुडतील. हितं तर माज्या डोल्यासमोर बुडत्यात." तिने क्रेटमधला एक आंबा उचलला. तो तिच्या मुठीतच फुटला. तिने हात लुगड्याला पुसला. "टेंपोवाला थांबायचं पैसं मागतोय."

भार्गवी कचेरीत गेली. मुकुलचा फोन लागेना. दुसरा कारखाना राजापूरच्या बाजूचा. त्यांनी सांगितलं, आमचा कोटा भरला. तात्या आले. फाटकातून आत येताना त्यांना कोणी वाट करून दिली नाही. बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

"उघड गो," ते म्हणाले.

"तात्या, आपल्या हातात एवढी एकच गोष्ट आहे. आज उघडलं की तीही गेली. मग तो पत्र कशाला आणेल?"

"तुझं बरोबर आहे. पण बाहेर जाऊन बघ एकदा. मी सांगत नाही उघड म्हणून. तूच बघ."

तिने खिडकीतून पाहिलं. काशी पदराने क्रेटवरच्या माशा वारत होती. एका क्रेटवरून दुसऱ्या क्रेटवर, मग परत पहिल्यावर.

तीन वाजता भार्गवीने किल्ली धाकूकडे दिली. काशीच्या चाळीस क्रेटपैकी सव्वीस भरले. बाकीचे फाटकाबाहेरच्या खड्ड्यात ओतले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात हंगाम संपला. दोनशे टनांना थोडा कमी माल गेला होता. पाऊस लागला, शेड रिकामी झाली, क्रेट धुऊन रचले गेले. मुदतवाढीचं पत्र आलं नव्हतं.

वीस जूनच्या सुमारास भार्गवी एसटीने पालीला उतरून मुकुलच्या कारखान्यावर गेली. बॉयलर थंड होता. गोदामाच्या दाराला बँकेची पाटी होती: आतला माल बँकेकडे तारण. ती पाटी कर्ज घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याच्या दारावर असते हे तिला माहीत होतं. पण दाराच्या फटीतून डब्यांच्या थप्प्या दिसत होत्या, थेट छपरापर्यंत. एकही खोका हललेला नव्हता. मुकुल मुंबईला गेलाय, असं पहारेकऱ्याने सांगितलं. आखाती देशातली मोठी ऑर्डर रद्द झाली होती, हेही त्यानेच सांगितलं, न विचारता.

परत आल्यावर तिने पत्र टाइप केलं. पहिल्यांदाच तिचे हात यंत्रावर अडखळले. गॅरंटीची मुदत तीस सप्टेंबरपर्यंत वाढवून द्यावी. न दिल्यास हेच पत्र आमची मागणी समजून चोवीस लाखांपर्यंतची देय रक्कम संस्थेला द्यावी. अशी पत्रं बँकांकडे जात असतात, हे तिने रत्नागिरीच्या एका सनदी लेखापालाला विचारून घेतलं होतं. असं पत्र आलं की बँक सहसा गिऱ्हाइकाला बोलावते आणि मुदत वाढवायला लावते. पण मागणी म्हणून ते उभं राहायचं तर गॅरंटीतलं ते एक वाक्य त्यात असायलाच हवं. तिने ते लिहिलं: खरेदीदाराने देय रक्कम थकवली आहे.

बँकेकडे दोन सह्यांचे नमुने होते, अध्यक्षांची आणि सचिवांची. भार्गवीने आपली सही केली आणि छत्री घेऊन तात्यांच्या घरी गेली.

ओटीवर तात्या आणि मुकुल समोरासमोर बसले होते. तात्यांच्या पत्नी मालिनीकाकूंनी चहा ठेवला होता. मुकुलची दाढी वाढली होती.

"या, ताई," तो म्हणाला. या वेळी हसला नाही. "तुम्ही कारखान्यावर येऊन गेलात ते कळलं मला. मी लपवत नाही. ऑर्डर गेली. पण दुसरं गिऱ्हाईक लागलंय, दिल्लीचं. जुलैत माल उचलतो म्हणतोय. ते पत्र बँकेत गेलं ना, की माझं खातं त्याच दिवशी गोठवतील. मग दिल्लीवाला आला तरी गोदामाचं दार उघडायचं नाही. तुम्हालाही मिळायचं नाही, मलाही."

"मग मुदत वाढवा. पत्र जाणार नाही."

"मार्जिनला पैसे कुठून आणू?"

पागोळ्या गळत होत्या. भार्गवीने पत्र तात्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी आज चष्मा लावला होता. ओळीखाली बोट फिरवत त्यांनी सावकाश वाचलं आणि एका ठिकाणी बोट थांबलं.

"'थकवली आहे.' हे खरं आहे?"

"नाही," भार्गवी म्हणाली. "अजून नाही."

"मग मी हे कसं लिहू?"

"बँक खरं-खोटं बघायला येत नाही, तात्या. हे वाक्य नसलं तर ते कागद परत पाठवतील. आणि तीस जूननंतर ते खरं झालं तरी उपयोग नाही."

"ते मला समजलं. तू समजावलंस तेव्हाच समजलं." त्यांनी चष्मा काढला. "पण हा माझ्यासमोर बसलाय. ह्याच्याकडे आज आपलं काही येणं थकलेलं नाही. ह्याच्या तोंडासमोर मी लिहायचं, की हा थकबाकीदार आहे, आणि त्या कागदावर ह्याचा कारखाना बंद पाडायचा? उद्या ह्याने दिले तर? मास्तरांना मी काय तोंड दाखवू?"

मास्तर जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याची आठवण तिथे कोणालाच करून द्यावीशी वाटली नाही.

भार्गवी मुकुलकडे वळली. "तुम्ही सांगा. पंचवीस ऑगस्टला द्याल?"

मुकुलने कपातल्या चहाकडे बघत म्हटलं, "प्रयत्न पूर्ण करीन."

"ऐकलंत, तात्या? 'देईन' म्हणाला नाही."

"म्हणजे खोटं बोलत नाही," तात्या म्हणाले.

एकशेचाळीस घरांचा आंबा त्या सहीवर टांगलेला होता, हे भार्गवीला दिसत होतं. तात्यांनाही दिसत असावं. त्यांनी पेन हातात घेतलं होतं आणि ते तसंच बोटांत राहिलं होतं. तिला त्यांचा राग यायला हवा होता. पण ते वाक्य टाइप करताना तिचे हात का अडखळले, तेही तिला माहीत होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. तिने पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं आणि चहा न घेता उठली.

जुलैत दिल्लीचा माणूस आला नाही. एकतीस जुलै नुसताच येऊन गेला. पंचवीस ऑगस्टला पैसे आले नाहीत. त्याच आठवड्यात बँकेने गोदामाला आपलं कुलूप घातलं. मुकुलचा फोन बंद होता, आणि पालीला त्याच्या घरी दोन दिवसांपासून माणसं नव्हती.

सत्तावीस तारखेला भार्गवी आंबा घाटातून कोल्हापूरला गेली. तात्या बरोबर होते. धुक्यात एसटीतून रस्ता दिसत नव्हता. शाखेतला अधिकारी पस्तिशीचा, नीट बोलणारा होता. त्याने त्यांना खुर्च्या दिल्या, तिने आणलेली मूळ गॅरंटी उलगडली आणि थेट शेवटचा परिच्छेद वाचला.

"मॅडम, रक्कम बरोबर आहे. नावाची दुरुस्ती आमच्याकडे आहे. पण ही तीस जूनला संपली. मागणीची मुदत एकतीस जुलैला. त्याआधी तुमचं काही पत्र आलं होतं का?"

"नाही."

"एक ओळ जरी आली असती..." त्याने वाक्य सोडून दिलं. "कोर्टात जाता येईल. मागणीच्या मुदतीवर वकील भांडतात. पण पैसे थकलेच पंचवीस ऑगस्टला म्हणता ना?"

"हो."

"मग तेव्हा गॅरंटीच नव्हती, मॅडम."

भार्गवीने मान हलवली. मे महिन्यात, शनिवारी, चौथ्या वाचनाला तिने मनाशी हेच म्हटलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. अधिकारी उपकार करत असल्यासारखा गॅरंटी परत देऊ लागला. तात्यांनीच हात पुढे करून घेतली. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "इथे दही चांगलं मिळतं म्हणतात ना?" आणि मग, ती उत्तर द्यायच्या आत, "नको, राहू दे," म्हणाले.

चतुर्थीला तात्यांच्या घरी दरवर्षी आळीतली चाळीस-पन्नास माणसं आरतीला जमत. ओटीवर चपला मावत नसत. भजन करणारे आधी कुठल्या घरी जायचं यावर भांडत आणि शेवटी आगाश्यांकडूनच सुरुवात करत. कोणी ठरवलेलं नव्हतं, तसंच होत आलं होतं.

त्या संध्याकाळी भार्गवी गेली तेव्हा ओटीवर एकही चप्पल नव्हती. आत मखरासमोर तात्या सोवळ्याने उभे होते, मालिनीकाकू हातात निरांजन घेऊन. टाळ कोपऱ्यात रचलेले होते. स्वयंपाकघरात मोदकांची परात केळीच्या पानाने झाकलेली होती, पन्नास माणसांना पुरतील एवढे. शेजारच्या आळीतून झांजांचा आवाज येत होता. तो जवळ आला, कुंपणाबाहेरच्या वाटेने सरकत गेला आणि पुढे गेला. काशीचा आवाज त्यात भार्गवीला ओळखू आला. कोणी शिवी दिली नव्हती, दगड मारला नव्हता. नुसते पुढे गेले होते.

आरती तिघांनी म्हटली. तात्यांचा आवाज दुसऱ्या कडव्याला बसला, तेव्हा मालिनीकाकूंनी शेवटपर्यंत नेली.

मग ते ओटीवर येऊन बसले. "खालची बाग विकायला काढतोय," ते म्हणाले. "अडीचशे कलमं. मुंबईचा एकजण घेतो म्हणतोय. काशीसारख्यांचं तरी द्यावं. सगळ्यांचं नाही व्हायचं."

"निम्मंही नाही व्हायचं, तात्या."

"तुझा हिशोब झालाय, होय ना?"

"झालाय."

त्यांनी वाटेकडे पाहिलं. झांजा आता लांब, मठाच्या बाजूला गेल्या होत्या.

"ते पत्र आहे तुझ्याकडे? जूनमधलं?"

पत्र तिच्या पर्समध्येच होतं. काढून टाकायचं तिला सुचलं नव्हतं, की सुचू दिलं नव्हतं, हे तिलाही सांगता आलं नसतं. पावसाच्या दमटीने घड्या मऊ पडल्या होत्या. तिने ते त्यांच्या हातात दिलं.

तात्यांनी चष्मा लावला. तेच वाक्य शोधलं, तिथेच बोट ठेवलं.

"आता खरं आहे ना हे?"

"आता आहे," भार्गवी म्हणाली.

त्यांनी पेन मागितलं. मांडीवर पत्र ठेवून, सोवळं सावरत, त्यांनी आपलं पूर्ण नाव सावकाश लिहिलं, गोपाळकृष्ण आगाशे, अध्यक्ष. खाली त्या दिवसाची तारीख घातली, एकतीस ऑगस्ट. मग कागद तिच्याकडे दिला.

"पाठवायचं आहे का?" तिने विचारलं.

"नको. फायलीत लाव."